लांडगीचं दूध

तिला लांडगी म्हणायला सुरुवात तिच्या सासूने केली. लग्न होऊन आलेली ही मुलगी कमी बोलायची, आणि जे बोलायची ते दात दाखवून. कळपामागे चालताना भटकी कुत्री अंगावर आली तर ती पळायची नाही, उलट त्यांच्यावर धावून जायची. सासूने एकदा वैतागून म्हटलं, "ही बाई नव्हे, लांडगी आहे." नाव चिकटलं. नवराही तेच म्हणू लागला, पण प्रेमाने. तो मेंढपाळ, मुळातच अबोल, त्यामुळे घरात दिवसभरात चार वाक्यं झाली तरी डोक्यावरून पाणी.

तिचं पहिलं मूल जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेलं. छाती दुधाने दगडासारखी झाली होती. सुईणीने कपडा घट्ट बांधायला सांगितला होता, म्हणजे दूध आपोआप आटेल. तिने बांधला नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत नवरा कळपाला पाणी पाजून लवकर परतला. त्याच्या घोंगडीत एक मूल होतं. खिंडीखालच्या तळ्यावर, जिथे मेंढ्या पाण्याला येतात नेमकं तिथेच, कोणीतरी ठेवून गेलं होतं. जागा विचार करून निवडलेली दिसत होती. मारायचं असतं तर तळ्यात टाकलं असतं. मेंढपाळ रोज इथे येतात, हे ठेवणाऱ्याला माहीत असावं.

"कुणाचं?" तिने विचारलं.

"काय माहीत. रडत होतं."

तिने आणखी काही विचारलं नाही. मूल पदराखाली घेतलं. सुरुवातीला ते नीट ओढेना, मग ओढू लागलं. सासूने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "परक्याचं पोर अंगावर घेतलंस. लांडगीच तू."

मुलगा मोठा झाला. पुढे तिला एक मुलगीही झाली. मुलगा कळपापेक्षा माणसं राखण्यात हुशार निघाला. गुराख्यांच्या पोरांत भांडण लागलं की निवाडा तो करायचा, आणि हरणाराही कुरकुर न करता निघून जायचा. पंचविशीत त्याने खिंडीत लोकरीचा बाजार सुरू केला. त्याचा नियम साधा होता: इथे येणाऱ्याला 'तू कुणाचा, कुठला' असं विचारायचं नाही. मग काय विचारता? घरातून पळालेले, कामावरून काढलेले, कर्ज बुडवून आलेले, सगळे आले. आधी तंबू, मग झोपड्या, मग दगडी घरं. वीस वर्षांत खिंडीत शहर उभं राहिलं आणि त्याचा पहिला नगराध्यक्ष हाच झाला.

माणूस मोठा झाला की त्याची मुळं उकरणारे निघतात. जुन्या गावांतले प्रतिष्ठित लोक हसायचे. "मेंढक्याचं पोर. तेही सापडलेलं. उद्या आम्हाला कायदा शिकवणार!"

शहराच्या शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर त्याचा खास माणूस होता. वर्धापनदिनाच्या भाषणात त्याने प्रथमच सांगितलं की, बाळ तळ्याकाठी ठेवलं गेलं तेव्हा एक लांडगी आली आणि तिने त्याला दूध पाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात डोंगरापलीकडच्या एका जुन्या सरदार घराण्यातला म्हातारा येऊन रडला. हे आपल्याच मुलीचं मूल, भविष्य वाईट सांगितल्यामुळे टाकलेलं, असं तो म्हणाला. मुलाच्या कपाळावर घराण्याची रेघ आहे, असंही म्हणाला. ती रेघ लहानपणी मेंढीने ढुशी मारली तेव्हाची होती. सगळं जुळून आलं.

तिला हे कळलं ते शिल्पकारामुळे. चौकात पुतळा उभारायचा होता आणि शिल्पकार तिच्या कुत्रीचं माप घ्यायला घरी आला. या भागात लांडगे उरले नव्हते.

"कशाला?" तिने विचारलं.

"लांडगीचा पुतळा करतोय, आजी. साहेबांना जिने वाढवलं तिचा."

ती दुसऱ्याच दिवशी मास्तरकडे गेली. मास्तर चपापला, पण माणूस प्रामाणिक होता. त्याने तिला खुर्ची दिली.

"हे मी मनाने रचलेलं नाही," तो म्हणाला. "जगात जिथे तिथे अशीच गोष्ट आहे. राजाला भीती असते की मूल मोठं होऊन आपल्याला घालवेल. तो नोकराला म्हणतो, मारून टाक. नोकराचा हात धजत नाही, तो ते रानात किंवा नदीत सोडतो. जनावर पाजतं, मेंढपाळ घरी नेतो. पोर गुराख्यांत वाढतं, पुढारी होतं, मग त्याचं रक्त ओळखलं जातं आणि ते नगर वसवतं."

"आणि मेंढपाळाची बायको?"

"असते. एका राजाच्या गोष्टीत तिचं स्वतःचं मूल मेलेलं असतं, म्हणून ती टाकलेलं ठेवून घेते. तिच्या नावाचा अर्थ कुत्री. नंतर लोक म्हणू लागले, त्याला कुत्रीने पाजलं. दुसऱ्या एका नगराच्या गोष्टीत लांडगी पाजते, पण जाणते लोक म्हणायचे, लांडगी कसली, बदनाम बाईला तिथे लांडगीच म्हणायचे."

ती मोठ्याने हसली. "म्हणजे त्यांच्याही सासवा होत्या तर."

मुलगा त्या आठवड्यात घरी आला. जेवताना मान खाली.

"आई, तुला राग आलाय."

"लांडगीचं दूध दोन-अडीच महिन्यांत आटतं रे. तू पावणेदोन वर्षं सोडलं नाहीस."

"मेंढपाळाच्या मुलाला हे लोक दाबतात. लांडगीच्या मुलाला कुळ कोण विचारणार? आणि सरदारांनी आपलं म्हटल्यापासून जुनी गावं करारावर सह्या करतात. शहराला पाणी त्यांच्याच हद्दीतून येतं."

"मग पाणी येऊ दे," ती म्हणाली आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली. मुलगी मात्र उठून बाहेर गेली. दादाशी ती पुढे वर्षभर बोलली नाही.

अनावरणाच्या दिवशी ती मागच्या रांगेत बसली. ब्राँझची लांडगी छान झाली होती. मान तिच्या कुत्रीची होती. एका वार्ताहराला कुणीतरी सांगितलं की ही म्हातारी तळ्याजवळची आहे. तो धावत आला.

"आजी, तुम्ही ती लांडगी पाहिली होती?"

"रोज बघायची. पाणी भरायला वाकलं की समोर."

त्याने ते भराभर टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की तळ्यावर रोज पाण्याला येणारी लांडगी पाहिलेली एक वृद्धा अजून हयात आहे. आता साक्षीदारही मिळाला. शाळेच्या सहली तळ्यावर येऊ लागल्या आणि मेंढ्यांना पाण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली. नवऱ्याने तिला म्हटलं, "गप्प बसायला काय झालं होतं?" त्याचं त्या महिन्यातलं हे सर्वांत लांब वाक्य.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मुलगा कामं सोडून अंथरुणाशी बसून राहिला. ती गेली तेव्हा त्याने खांदा दिला, आणि खड्ड्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही माझी आई होती. हिनेच मला पाजलं."

लोकांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, पण एका साध्या मेंढपाळणीला आई म्हणतो, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. परतताना मास्तर तिच्या मुलीला म्हणाला, "त्याने खरंच सांगितलं."

"उशिरा सांगितलं," ती म्हणाली, आणि मेंढ्या मोकळ्या करायला पुढे निघून गेली.