घडीतला शब्द

थोरलीला धाकट्या जावेचं सगळं चालायचं. तिचं उशिरा उठणं चालायचं, फोडणी करपवणं चालायचं. चालत नव्हतं ते एकच. लोक मोडी कागद वाचून घ्यायला आता आधी धाकटीकडे जायचे.

आणि धाकटीला मोडी शिकवली कोणी? थोरलीनेच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी बाजूला सारून तिने एकेक अक्षर तिच्याकडून गिरवून घेतलं होतं. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायचीच नाही, अशी ही लिपी. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचं, आणि थोरली ते झोपेतही ओळखायची. तिच्या वाचनात कधी रिकामी जागा नसायची. धाकटी मात्र पानभर कंस टाकायची, कंसात प्रश्नचिन्ह. 'हिला येत नाही म्हणून कंस, आणि लोकांना वाटतं किती बारकाईने वाचते,' असं थोरली नवऱ्यापाशी कितीदा तरी बडबडली होती. तो बिचारा हो म्हणायचा.

त्या दिवशी रोपवाटिकेवाली बाई आली. तिच्या रोपांची गाडी शेजारच्या गिरणीमागच्या वाटेने जायची, आणि गिरणीवाला तिथे भिंत घालायला निघाला होता. गिरणीवाल्याच्या पणजोबांनी बाईच्या पणजोबांना ती वाट दिल्याचा कागद तिच्या घरात निघाला होता. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला होता. वाट कायमची दिली की तेवढ्यापुरती, एवढंच तिला हवं होतं. दुसरी वाट तिला नव्हती.

थोरलीने फोटो मोठा करून पान झरझर देवनागरीत उतरवलं. 'सदरहू वाट तुम्हांस वंशपरंपरेने जाण्यायेण्यास दिल्ही असे.' बाईचा चेहरा उजळला.

"तुमच्या जाऊबाईंना हे जमलं नव्हतं," ती म्हणाली. "उद्या गिरणीवाल्यापुढे तुमचाच कागद ठेवते."

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे बाई आधी धाकटीकडे गेली होती तर! हे टोचलं, पण आजचा घास गोड होता. तो आणखी गोड करावा म्हणून तिने धाकटीचा कागद बघायला मागितला. चुका काढायचं पेन तिच्या हातात तयारच होतं.

चूक निघेना. ओळीमागून ओळ दोघींची सारखीच होती. फक्त 'तुम्हांस' नंतर धाकटीने कंस टाकला होता: 'इथे कागदाची घडी. एखाददुसरा शब्द सावलीत गेला आहे. खाली अक्षराची शेपटी दिसते, पण ती मागच्या बाजूची उमटलेली शाईही असेल. पान सपाट करून, बाजूने उजेड पाडून पुन्हा फोटो काढावा.'

थोरलीने फोटो पुन्हा मोठा केला, आणखी मोठा केला. घडीवर काळी पट्टी होती. पट्टीत अक्षर नव्हतं. असले शेकडो कागद वाचून तिला ठाऊक होतं, की 'तुम्हांस' नंतर बहुधा 'वंशपरंपरेने' येतं. तो शब्द तिच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता, सवयीने भरला होता.

बाई कागद पर्समध्ये ठेवत होती. कोणाला कळणार नव्हतं. धाकटी हरली असती, बाईची वाट राहिली असती. थोरलीने तेवढा वेळ ती गोडी चाखली, अगदी मनापासून चाखली. मग तिने हात पुढे केला.

"द्या तो इकडे. तो शब्द मी वाचला नाही, घातला."

बाई रडकुंडीला आली. तुमच्याकडे आले म्हणजे पक्कं होईल असं वाटलं होतं, म्हणाली. थोरलीने धाकटीला हाक मारली आणि तिघी बाईच्या घरी गेल्या. कागद सपाट केला, खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढले. शेपटी खरंच मागच्या बाजूची निघाली. घडीवर कागद झिजून शाई पार उडून गेली होती. तिथे वंशपरंपरा होती की एका माणसाची हयात, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. तसं सांगितल्यावर बाईने कागद स्वतः उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, तेवढंच लिहून द्या, पण दोघींनी सही करा. निदान मी खोटा कागद आणला असं तरी गिरणीवाला म्हणणार नाही.

धाकटीने स्वच्छ प्रत लिहिली. कंस तिचाच होता, त्याच जागी, फक्त आता त्यात 'शाई गेली आहे, शब्द वाचता येत नाही' असं होतं.

"वर तुम्ही करा, ताई," ती पेन पुढे करत म्हणाली.

"वर तुझी. आधी तू वाचलंस."

धाकटीने मान खाली घालून सही केली. तिच्या खाली आपलं नाव लिहिताना थोरलीला इतकं जळलं, की अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.