बारा हजारांचा एक फोटो

गोंदियात आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा फोटो काढतो, बाकी सगळं मी बघते. दोन लाखांचा कॅमेरा घेतला त्याच दिवशी मी वहीत लिहून ठेवलं: लाखभर फोटो काढायचे, ऐंशी हजारांना विकायचा. म्हणजे कॅमेऱ्यापुरता एक फोटो एक रुपया वीस पैशांना पडतो.

तीन हंगामांनी बालाघाटचं गिऱ्हाईक मिळालं. जुना कॅमेरा घेणारा आधी बघतो तो आजवरच्या फोटोंचा आकडा. तो कॅमेऱ्यातच नोंदलेला असतो. हंगाम संपेपर्यंत त्याचा भाव ठरलेला होता. लाखापर्यंत ऐंशी हजार, वर एकही गेला तर अडुसष्ट, मग थेट दीड लाखापर्यंत तोच भाव.

आमचा आकडा होता नव्याण्णव हजार चारशे. आणि नवेगाव बांधजवळ एक लग्न घेतलेलं. दुसरा कॅमेरा दुरुस्तीला. मी यादी केली: हळद शंभर, वरात शंभर, लग्न दोनशे, पंगत पन्नास, नातेवाईक दीडशे. नवरा एरवी एका लग्नात दोन हजार काढतो. त्याच्या शेजारी उभी राहून मी मोजत होते.

स्टेजवर नवरीची आत्या अकरा जणांना घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "थांबा. दोनच उरलेत."

"का उरलं दोन? पुऱ्या?"

"फोटो."

खरं सांगणं भाग होतं. ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे एका फोटूचे बारा हजार?"

"लाखानंतरच्या पहिल्याचे. पुढचे मग जवळपास फुकट."

हे मी बोलायला नको होतं.

"मंग पयला कोनाचाबी काढून टाका ना जी! बाकीचे फुकटात होतीन!"

पण तो पहिला व्हायला कोणी तयार होईना. मुलीकडचे म्हणाले, मान वरपक्षाचा. वरपक्ष म्हणाला, खर्च मुलीकडचा. नवरदेवाचे मामा तर स्टेजवरून उतरूनच गेले.

नवरी शेवटी ओरडली, "लगन माह्यं हाय न? मंग फोटू कायले नाही काढून राहिले?"

माझ्या नवऱ्याने कॅमेरा उचलला. सवयीने एका दमात तीन काढले.

लाख आणि एक.

मी खुर्चीवर बसले आणि वही उघडली. आता कॅमेऱ्याचे एक लाख बत्तीस हजार खर्ची पडणार. फोटो पुन्हा एक रुपया वीस पैशांवर आणायचा तर एक लाख दहा हजार फोटो व्हायला हवेत.

"अहो, काढा," मी म्हटलं. "थांबू नका."

मग आम्ही आचारी काढले, भांडी काढली, मंडपवाल्याची म्हैस चारही बाजूंनी काढली. मामांना धरून आणलं. आत्याबाई चौथ्यांदा उभ्या राहिल्यावर घाम पुसत म्हणाल्या, "पुरे न वो बाई आता."

"नाही आत्याबाई, अजून नऊ हजार दोनशे बाकी आहेत. पदर सरळ करा."