एका गोळीत अंडीसुद्धा

कुंडलिकचं नाक मेलेलं होतं, आणि ही गोष्ट त्याने बावीस वर्षं शहाडमध्ये कुणाला कळू दिली नव्हती. पेस्ट कंट्रोलवाल्याला वास येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक त्याला दारात तरी उभं करील का?

नाक गेलं ते वागळे इस्टेटीत. विशीतला पोरगा होता तेव्हा. कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये झुरळं मारायचं काम. तोंडाला रुमाल, हातात पंप, आणि पंपात जे काही आता सरकारने बंदच करून टाकलंय ते. मुकादम म्हणायचा, वास आला म्हणजे औषध खरं. कुंडलिकने इतकं खरं औषध हुंगलं, की एके दिवशी बायको कांदा परतत होती आणि याला काही म्हणजे काही कळेना. डॉक्टरने हात वर केले. त्या दिवसापासून तो डोळ्यांनी आणि कानांनी धंदा करायला शिकला, आणि खोटं कशाला बोला, नाकवाल्यांपेक्षा चांगला करायला लागला.

त्याच्या दोन सवयी सगळ्यांना माहीत होत्या. घरात शिरला की पहिलं वाक्य, "कचऱ्याचा डबा दाखवा." बायका वैतागायच्या. पण माणसं खोटं बोलतात, डबा बोलत नाही. "आम्ही काही मारलंच नाही हो," म्हणणाऱ्यांच्या डब्यात तीन-तीन स्प्रेचे रिकामे कॅन निघायचे. मग हा चष्मा कपाळावरून खाली ओढून कॅनवरची बारीक अक्षरं वाचायचा. पुढचं मोठं नाव कधीच वाचायचा नाही, मागचं वाचायचा. दुसरी सवय, "वास कसला येतो?" असं घरातल्या प्रत्येकाला विचारायची. लोकांना वाटायचं, काय बारकाईने काम करतो माणूस! तो बिचारा दुसऱ्यांच्या नाकावर पोट भरत होता.

आणि तिसरी गोष्ट, जिला सवय म्हणावं की खोड, ती म्हणजे बोलणं. कुंडलिकला समजावून सांगायचा भारी सोस. टेंभी नाक्यावरच्या एका घरात कुणीतरी माश्यांचा स्प्रे उघड्या फिशटँकच्या बाजूला मारला आणि संध्याकाळपर्यंत अकरा मासे उलटे, हा किस्सा तर त्याने हजारदा सांगितला असेल. "माश्यांचं औषध माणसाला पचतं, माशाला नाही, मांजरालाही नाही. औषध एकच, अंगं वेगळी." चहा थंड व्हायचा, हा थांबायचा नाही. मला विचाराल तर पुढे शहाडच्या एका घरावर जे आलं ते या खोडीतूनच आलं. पण ते त्यालाही फार उशिरा कळलं.

शहाडला स्टेशनच्या मागे एक तीन मजली जुनी बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत भीमाबाई, तिची सून वैशाली आणि सात वर्षांची नात रसिका. मुलगा नोकरीला सुरतेला. दुसरीत प्रशांत, मूळचा चिपळूणकडचा, बायको आणि दोन मुलं. प्रशांत कल्याणच्या बाजारात धान्याच्या गोदामात कामाला होता. फेब्रुवारीत त्याच्याकडे ढेकूण झाले, आणि तेही असे की मुलांच्या पाठी लाल. त्याने कुंडलिकला बोलावलं.

कुंडलिकने डबा पाहिला. स्प्रेचे चार कॅन. "हे ढेकणांना आता लागत नाही रे," तो म्हणाला. "पिढ्यान्पिढ्या हेच खाऊन पचवलंय त्यांनी. मी दुसऱ्या जातीचं देतो. पलंगाच्या सांध्यांत, भिंतीच्या फटीत. झोपता त्या कापडावर नाही मारायचं. सुकेपर्यंत घराबाहेर थांबायचं. पण अंडी त्यातनं वाचतात. म्हणून पंधरा दिवसांनी परत, आणि लागलं तर अजून एकदा."

"महिनाभर?" प्रशांतची बायको रडकुंडीला आली. "आम्ही झोपायचं कधी, काका?"

कुंडलिक हसला. हसून म्हणाला, "काय करणार वहिनी? तुमच्या नवऱ्याच्या गोदामात बरं असतं. ती गोळी ठेवली की एका गोळीत अंडीसुद्धा खलास. घरात नाही चालत ते." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुसरं गिऱ्हाईक बोंबलत होतं. घरात का चालत नाही, हे सांगायचं राहून गेलं. आयुष्यात एकदा हा माणूस कमी बोलला, तो नेमका तिथे. प्रशांतने "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही.

मार्चात वैशालीने त्याला मुंग्यांसाठी बोलावलं. ओट्याच्या मागून रांग निघायची आणि थेट साखरेच्या डब्याला भिडायची. कुंडलिकने फटींच्या तोंडाशी जेलचे मोहरीएवढे ठिपके ठेवले. भीमाबाईने पाटावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "कुंडलिका, एवढुशानं काय होतंय?"

"आई, हे मुद्दाम सावकाश मारतं. लगेच मेली तर घरी काय नेणार? तिने खायचं, वारुळात जायचं, बाकीच्यांना भरवायचं. धीर धरा. आणि आसपास स्प्रे मारू नका, त्याने मुंगी बिचकते आणि जेलला तोंडच लावत नाही. रसिकाचा हात मात्र तिकडे जाऊ देऊ नका."

"माझा नाही जात," रसिका म्हणाली. ती भिंतीला टेकून चित्र काढत होती. त्याच भिंतीपाशी भीमाबाईचं अंथरूण, आणि आजीच्या कुशीत नातीचं.

आठवड्याने तो जेल बघायला आला. शिमग्याचे दिवस. प्रशांतचं बिऱ्हाड आदल्या सकाळी गावी गेलेलं, दाराला कुलूप. कुंडलिक कुलपासमोरून गेला. दाराच्या फटीवर तपकिरी चिकटपट्टी लावलेली त्याने पाहिली, आणि उंदरांसाठी असेल म्हणून पुढे सरकला.

वैशालीने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे ओढलेले होते. रसिका रात्रीपासून उलट्या करत होती. भीमाबाई पडून होती, छाती धरून. "काल बाहेरची भेळ खाल्ली पोरीने," वैशाली म्हणाली. "सासूबाईंना ॲसिडिटी." जेल जसंच्या तसं. मुंग्या त्याला वळसा घालून चाललेल्या.

"डबा दाखवा."

डब्यात माश्यांच्या स्प्रेचा नवा कॅन, अर्धा रिकामा. कुंडलिकने मागचं वाचलं, साइफ्लुथ्रिन आणि इमिप्रोथ्रिन, मुंगीला बिचकवणारी औषधं. त्याचं टाळकं फिरलं. "किती सांगितलेलं तुला? खिडकी बंद करून मारलंस?"

"काय करू, काका? कालपासून घाण वास मारतोय. वाटलं उंदीर मेला कुठेतरी. माश्या येतील म्हणून मारलं."

त्याला वाटलं, झालं, पोरीला स्प्रे बाधला. खिडक्या उघड, ओटा साबणाने पूस, दोघींना बाहेरच्या गॅलरीत बसव, असं तो सांगत होता आणि सवयीने विचारूनही गेला, "वास कसला?"

"लसूण सडल्यावानी," अंथरुणावरून भीमाबाई बोलली. आवाज पार खोल गेलेला. "नाय तर मासळी."

"त्यांना कशातही वास येतो," वैशाली म्हणाली. आणि कुंडलिकने, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नाकावर जगलेल्या कुंडलिकने, म्हातारीचं नाक मोडीत काढलं. "बघतो" म्हणून जिना उतरला.

खाली बिल्डिंगचा कचऱ्याचा पिंप. डबा दिसला की बघणार, हे त्याच्या हाडात भिनलेलं. वरती प्रसादाच्या पत्रावळी, त्याखाली एक ॲल्युमिनियमची लांब नळी, झाकण नसलेली. त्याने ती उचलली नाही. वाकून फक्त कवटीचं चित्र आणि बारीक अक्षरं वाचली. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. गोदामातली गोळी. हवेतला ओलावा लागला की तिचा गॅस सुटतो, आणि स्प्रेला कधी लसणाचा वास येत नाही, त्याला येतो. वरची चिकटपट्टी उंदरांसाठी नव्हती.

तो जिना कसा चढला त्याचं त्याला ठाऊक. "बाहेर! जसे आहात तसे खाली उतरा!" रसिकाला त्याने खांद्यावर टाकलं. पोरगी लुळी पडलेली, ओठ पांढरे. भीमाबाईला वैशालीने आणि वरच्या मजल्यावरच्या मयूरने उचललं. कुंडलिकने सगळी दारं बडवून बिल्डिंग खाली उतरवली. कुणीतरी प्रशांतचं दार फोडायला निघालं, दुसरा पाण्याची बादली घेऊन आला. कुंडलिक दोघांच्या अंगावर गेला. "आत गेलास तर तिथेच पडशील. आणि पाणी घातलंस तर गॅस दुप्पट सुटेल. फायर ब्रिगेड येऊ दे."

फायर ब्रिगेडवाले पाठीला सिलेंडर लावून आत गेले. दोन पलंगांच्या गाद्यांखाली कागदात राखाडी भुकटी झालेल्या गोळ्या. प्रशांतने दार-खिडक्या गोदामासारख्या चोख बंद केलेल्या. एकच जागा विसरला, कपाटामागचं भिंतीतलं भोक. कधीकाळी केबलची वायर त्यातून पलीकडे नेलेली. पलीकडे म्हणजे भीमाबाईच्या उशापाशी.

हॉस्पिटलात कुंडलिकने डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. "याला उतारा नाही," ते म्हणाले. "हृदय सांभाळायचं आणि वाट बघायची." रसिकाने तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी खिचडी मागितली. भीमाबाईने दुसऱ्या दिवशी दुपारी प्राण सोडला.

गावाहून धावत आलेला प्रशांत पोलिसांसोबत हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभा होता. तो चिडलेला नव्हता, कुणाला दोष देतानाही दिसत नव्हता. कुंडलिकला बघून लहान मुलासारखं म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणालेलात ना? एका गोळीत अंडीसुद्धा."

पुढचे कितीतरी दिवस कुंडलिक कुणाशीच बोलला नाही. गिऱ्हाईकांकडे जायचा, काम करायचा, निघायचा. माशांचा किस्सा बंद झाला.

महिन्याने वैशालीचा फोन आला. मुंग्या पुन्हा आल्या होत्या. तो गेला. भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलेलं. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भीमाबाईचा फोटो. त्याने ओट्यामागची भिंत साबणाच्या पाण्याने दोनदा पुसली, सुकू दिली, मगच जेलचे ठिपके ठेवले. वैशाली चहा घेऊन आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली."

रसिका त्या भिंतीपासून लांब, दारापाशी बसलेली. आता ती तिथेच झोपते, दार उघडं ठेवून. तिने विचारलं, "काका, तुम्हाला तर लगेच कळतं. सांगा ना, आता वास नाही ना येत?"

पोरीने एवढंच विचारलं. "नाही येत" म्हणाला असता, तर ती त्या रात्री दार लावून झोपली असती. कुंडलिकने चहाचा कप खाली ठेवला.

"मला वास येतच नाही, बाळा," तो म्हणाला. "कधीच येत नाही. तुझ्या आजीला आलेला. तिने सांगितलेलं, मी ऐकलं नाही." मग तो वैशालीकडे वळला. "आणि तुला अजून एक सांगायचंय. फेब्रुवारीत मी प्रशांतच्या घरी गेलेलो तेव्हाचं."

वैशाली हातातली बशी तशीच धरून त्याच्यासमोर बसली.