दोनला न टिकलेलं विधान

माझी बायको मुलुंडजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. शिक्षणसेवक म्हणून तिची मुदत संपत आली होती आणि तिला कायम करायचं की नाही, हे संस्थेच्या मंगळवारच्या बैठकीत ठरणार होतं. त्याआधीच्या रविवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर अकरावीच्या सत्र परीक्षेचे पेपर तपासत होती. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. तिचा लाल पेन थांबला, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

"हे बघ," ती म्हणाली. मग स्वतःच, "नको, थांब."

प्रश्न इंडक्शनचा होता. या पद्धतीत एखादं विधान सगळ्या नैसर्गिक संख्यांसाठी सिद्ध करायचं असतं आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिल्या संख्येला विधान खरं आहे, हे दाखवायचं. मग ते कुठल्याही एका संख्येला खरं असेल तर तिच्या पुढच्या संख्येलाही खरं असलंच पाहिजे, हे दाखवायचं. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं मग ते आपोआप सगळ्यांपर्यंत पोहोचतं. वर्गात ती यासाठी मुद्दाम एक खुळचट विधान देते : प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येएवढीच असते. एखाद्या संख्येला हे खरं धरलं, दोन्ही बाजूंना एक मिळवला, की पुढच्या संख्येलाही ते खरं ठरतं. ही पायरी अगदी निर्दोष आहे. फक्त सुरुवात कुठेच नाही, कारण एक म्हणजे दोन नव्हे.

पेपरातला प्रश्न तिनेच काढला होता. दरवर्षी तिथे 'दोनचा एनवा घात एनपेक्षा मोठा असतो, हे सिद्ध करा' असं असतं. क्लासवाले ते पाठ करून घेतात, म्हणून तिने यंदा 'एनपेक्षा'च्या जागी 'एनच्या वर्गापेक्षा' घातलं. नमुना उत्तरही लिहिलं. एनची किंमत एक घेतली तर दोन हे एकापेक्षा मोठे, म्हणून सुरुवात ठीक. पुढची पायरी पूर्ण करायला केचा वर्ग दोन के अधिक एकपेक्षा मोठा असावा लागतो. तिथे तिने लिहिलं होतं, 'हे उघड आहे.' हे नमुना उत्तर विभागप्रमुखांनी तपासलं, सही केली आणि ते सगळ्या परीक्षकांकडे गेलं. चार गुण : सुरुवातीला एक, गृहीत धरण्याला एक, पायरीला दोन.

तिच्या समोरच्या पेपरात एका मुलीने हे सगळं लिहून त्यावर काट मारली होती. खाली लिहिलं होतं : 'एन दोन घेतला तर चार हे चारपेक्षा मोठे नाहीत. विधान चुकीचं आहे.' बायकोने त्या उत्तराला सवयीने एक गुण दिलेला होता, सुरुवातीचा. मग पेन थांबला होता.

तिने कोऱ्या कागदावर आकडे मांडले. तीनला आठ आणि नऊ. चारला सोळा आणि सोळा. पाचला बत्तीस आणि पंचवीस.

"पाचपासून खरं आहे," ती म्हणाली. "पायरी तीनपासून चालते. एकावर सुरुवात आहे, पण एकावरून दोनवर जाता येत नाही. तीनवरून पुढे जाता येतं, पण तीनला विधानच खरं नाही. मी 'उघड आहे' लिहिलं. कशाला लिहिलं?"

मी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

चारच्या सुमारास शेजारच्या इमारतीतली तिची सहकारी तपासायचा उरलेला गठ्ठा न्यायला आली. वयाने मोठी, सावंतवाडीकडची, वीस वर्षं गणितच शिकवणारी. चप्पल काढतानाच तिने बायकोचा चेहरा पाहिला.

"काय गो, कोण मेलं?"

बायकोने पेपर पुढे केला. सहकारीने वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, बोटांवर काहीतरी मोजलं.

"वाट लागली," ती शांतपणे म्हणाली. "मी ह्याच प्रश्नाला दहा-बारा जणांना चार-चार दिलेत गं. काय सुंदर लिहिलंय पोरांनी, खोटं."

"हसू नकोस."

"हसत नाही. प्रत्येक संख्या पुढच्या संख्येएवढी, हे वयाला लागू झालं असतं तर मी हसले असते." ती बसली. "आता ऐक. मंगळवार होऊ दे. बुधवारी सांग. प्रश्न कुठे पळून जातोय?"

"उद्या गुण भरायचे आहेत."

"मग भर."

"आणि हिला एक?"

सहकारीने पेपर परत टेबलावर ठेवला. खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला. मी वर्तमानपत्रात काम करतो, तिथे चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात आणि प्रकरण मिटतं. इथे दुरुस्ती सांगणारीचीच फाइल मंगळवारच्या बैठकीपुढे होती.

बायकोने विभागप्रमुखांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, इंडक्शनचा प्रश्न चुकलाय. दोनला विधान खोटं आहे."

"मॅडम, एन एकला आपण तपासलंय ना?"

"एकला खरं आहे, सर. पण के एक घेतला की पायरी तुटते. एक हा तीनपेक्षा मोठा नाही."

पलीकडून कागदाचा आवाज.

"दोनला चार-चार," ते म्हणाले. "हं. माझीही सही आहे त्याच्यावर." मग आवाज खाली आणून, "मॅडम, मंगळवारी तुमचा विषय आहे. हे तुम्ही मला आज सांगितलंच पाहिजे का?"

सहकारीने माझ्याकडे पाहिलं. बायको टेबलाच्या कडेला नखाने घासत होती.

"सर, गुण उद्या जाणार आहेत."

"मग लेखी द्या. प्रश्न रद्द, सगळ्यांना चार."

"कोरा सोडला त्यालाही?"

"त्यालाही. वेगळं काही करायला गेलात तर पालक येतील." फोन बंद झाला.

सहकारी उठली. "शहाणी आहेस की वेडी, ते परवा कळेल," म्हणाली आणि गठ्ठा घेऊन गेली. बायकोने त्या मुलीच्या उत्तराशेजारचा एक खोडून चार केले. कोऱ्या पेपरावरही चार लिहिले. तिथे पेन जोरात दाबला गेला, मागच्या पानावर वळ उमटला. मग ती अर्ज लिहायला बसली. 'नजरचुकीने' हा शब्द तिने लिहिला आणि काढून टाकला.

मंगळवारी मी ऑफिसातून दोनदा फोन केला. तिने दुसऱ्यांदा उचलला.

"पुढच्या बैठकीत," ती म्हणाली.

"कारण?"

"वेळ झाला नाही म्हणे. माझ्या आधीचे दोघं झाले."

"त्या चुकीमुळे का, सरांना विचारलंस?"

"विचारून काय? ते हो म्हणाले तरी त्रास, नाही म्हणाले तरी विश्वास बसणार नाही." मागे घंटा वाजली. "ठेवते. अकरावी आहे. तेच विधान फळ्यावर घेणार आहे, पाचपासून."

पुढच्या बैठकीची तारीख अजून आलेली नाही.