मुख्य फांदी

आमच्या घरी पत्रकांवर नाव नसायचं. वडील संघटनेची पत्रकं लिहायचे, मी आणि आई घड्या घालायचो, आणि खाली फक्त ‘आपले सहकारी’ एवढंच छापलेलं असायचं. लिहिणाऱ्याचं नाव आलं की मुद्दा मरतो, असं वडील म्हणायचे. मला ते पटायचं. अजूनही पटतं. म्हणूनच त्या उन्हाळ्यात मला जे वाटत होतं, त्याचा मला इतका राग आला.

केळीच्या खोडापासून धागा काढायचं यंत्र, हा आमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. फैजपूरकडच्या एका बचत गटाने ते मागितलं होतं. आम्ही दोघी मैत्रिणी जळगावच्या कॉलेजात, तिसरा धुळ्याच्या. भेटायचं तर एसटीत अर्धा दिवस जातो, म्हणून सगळं काम ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कॅडवर, म्हणजे यंत्राचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर, करायचं ठरलं. फाइल कुणाच्याच लॅपटॉपवर नाही, एकच डॉक्युमेंट, तिघांनाही बदल करायचा हक्क. मी तर खूशच झाले. सामुदायिक मालकी म्हणतात ती हीच, कामावर कुणा एकाचं नाव लावायचं नाही, असं मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं.

“झालं हिचं पत्रक सुरू,” मैत्रीण म्हणाली.

नियमही मीच केला. मुख्य फांदीत, म्हणजे ‘मेन’मध्ये, फक्त सगळ्यांनी मान्य केलेलं राहील. नवी कल्पना असेल तर एक व्हर्जन जपून ठेवायचं आणि त्यातून स्वतःची ब्रँच, म्हणजे वेगळी फांदी, काढायची. आपली ब्रँच आपण मेनमध्ये मिसळायची नाही, दुसऱ्याने तपासून मिसळायची, म्हणजे मर्ज करायची. नियम चांगला होता. आजही मी तोच करीन.

यंत्रात एक ड्रम फिरतो, त्याला पाती असतात. समोर एक आडवी पट्टी. दोघांच्या मधून खोडाचं सोपट, म्हणजे सुटी केलेली साल, घातलं की गर खरवडला जातो आणि धागा उरतो. सगळी गंमत पाती आणि पट्टीमधल्या फटीत आहे. फट फार झाली तर गर राहतो, कमी झाली तर धागाच तुटतो. ती फट कमीजास्त कशी करायची, यावर माझी एक ब्रँच होती आणि धुळ्याच्या मित्राची एक. त्यातली एकच लोखंडात उतरणार होती, कारण जळगाव एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्या नानांनी लेसर कटिंगसाठी आम्हाला एकच सकाळ दिली होती.

मी पट्टीखाली पातळ चकत्या घालायची सोय केली होती. त्याने बाजूच्या पत्र्यांना लांबट भोकं दिली. दोन बोल्ट सैल करा, पट्टी सरकवा, पुन्हा आवळा. बस. मी ते स्क्रीनवर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. इतकं साधं होतं की मला का सुचलं नाही, हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

डॉक्युमेंटमध्ये जो कुणी असतो त्याचं अक्षर असलेलं छोटं वर्तुळ वर दिसतं. त्याच्यावर क्लिक केलं की तो पाहतो तेच आपल्याला दिसतं, तो मॉडेल फिरवेल तसं आपल्याकडेही फिरतं. मी त्याच्या मागे मागे जायला लागले. त्याचं काम जुळलेलं बघून जळायचे, तरी उठायचे नाही. मैत्रिणीचं वर्तुळ माझ्या ब्रँचमध्ये क्वचित दिसायचं, त्याच्या ब्रँचमध्ये कायम. आणि हिस्टरी! प्रत्येक रेघ कुणी ओढली, कुणी पुसली, सगळं नावानिशी. वडिलांनी जन्मभर नावं गाळली आणि मी रोज हिस्टरी उघडून नावं वाचत बसायचे.

फोनवर तो एकदा त्याच्या अहिराणीत म्हणाला, “ताई, तू मना मागे मागे काय फिरी ऱ्हायनी? काही चुकनं का?”

“शिकतेय,” मी म्हटलं. खोटंही नव्हतं ते.

कटिंगच्या आदल्या दिवशी नानांचा फोन आला. ड्रमसाठी ठरलेल्या मापाचा पाइप नाही, एक माप मोठा आहे, चालेल का? ड्रमचा व्यास आम्ही एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, तो आकडा बदलला की बाकीचं आपोआप सरकायचं. तिघांनी हो म्हटलं आणि मी मेनमध्ये आकडा बदलला. मग मैत्रिणीने निकाल दिला, “त्याचंच घेऊ. बायकांना चकत्या कुठे सांभाळायला लावतेस? नियमाप्रमाणे तू तपास आणि मर्ज कर.”

मी मेनमधून आणखी एक ब्रँच काढली, नुसती कसोटीसाठी, आणि आधी त्यात त्याची ब्रँच मिसळून पाहिली. असेंब्लीत, म्हणजे जोडलेल्या यंत्रात, भाग एकमेकांत घुसतात का ते तपासलं; घुसले की ते लाल दिसतात. पाती आणि पट्टी लाल झाली. पट्टी लांबट भोकात पार मागे ढकलली तरी लाल. त्याच्या ब्रँचमध्ये जुनाच पाइप होता, तिथे सगळं बरोबर होतं. मग स्केच उघडलं. भोकाचं अंतर त्याने व्हेरिएबलवरून घेतलं नव्हतं, सरळ आकडा टाकला होता. ड्रम वाढला, भोक जागेवरच राहिलं.

मला आनंद झाला. खरा, भरभरून आनंद.

माझी ब्रँचही मी तशीच मिसळून पाहिली. एकही भाग लाल नाही. नियम स्पष्ट होता, चूक असलेली ब्रँच मिसळायची नाही. ग्रुपवर एक ओळ टाकली असती की त्याचं बाहेर आणि माझं लोखंडात. खोटं काही बोलायचंच नव्हतं. नियमच माझ्या बाजूने होता.

ती ओळ मी लिहिलीही. पण बचत गटातल्या बायकांचे हात डोळ्यांसमोर आले, खोडाच्या चिकाने काळे पडलेले, आणि त्या हातांनी माझ्या चकत्या बसवायच्या होत्या. आकडा चुकला होता, कल्पना चुकली नव्हती. हा फरक मला कळत होता, आणि तो कळतो याचाच मला संताप येत होता.

मी ओळ पुसली आणि त्याच्या स्केचवर कमेंट टाकली, त्याला टॅग करून. लगेच उत्तर आलं, “अरे देवा! मी एसटीत शे, फोनवर बोट नीट लागत नही. तूच करी टाक ना. तुले मनी ब्रँच मनापेक्षा जास्त पाठ शे.”

एवढा मोकळा माणूस. माझ्याबद्दल त्याला जराही असूया नव्हती, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

त्याच्या ब्रँचमध्ये आकडा खोडून तिथे मी व्हेरिएबलचं सूत्र लिहिलं. पुन्हा कसोटी घेतली, लाल कुठेच उरलं नाही. मेनचं एक व्हर्जन जपून ठेवलं आणि मर्ज केलं. माझी ब्रँच मात्र तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कापलेले पत्रे नानांनी उन्हात धरले. भोकात बोल्ट सरकवून पाहिला, मान हलवली. “हाई कोनं डोकं शे?”

तो माझ्या शेजारीच उभा होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘माझं’ म्हणेल, तर खरंच आहे. पण ‘शेवटी ताईने सावरलं’ म्हणेल का? एकदाच?

“बठ्ठास्नं शे, नाना, आमना तिघास्नं,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. “आमना ताईनं शिकाडेल शे. नाव नही लावानं.”

मैत्रीण खो खो हसली. मीही हसले, हसावंच लागलं. पत्रे टेम्पोत चढवताना माझा हात त्या लांबट भोकावरून फिरला. कडा अजून गरम होत्या.