एका शनिवाराची मागणी

माझं तोंड फाटकं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. रागावले की समोर कोण आहे ते बघत नाही. पण त्या शनिवारी सकाळी अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत स्कूटी लावताना माझ्या तोंडाला कोरड पडली होती. जिना चढायच्या आधी मी अख्खी पाण्याची बाटली संपवली.

वरच्या मजल्यावर तो राहायचा. बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरी बसून करायचा. एकतीस-बत्तीसचा असेल. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आजोबांचे माग होते, आता खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. माझ्या धाकट्या भावाचा तो मित्र, म्हणून मला ताई म्हणायचा. सोलापुरात माझ्या ओळखीत प्रोग्रॅमिंग नीट येणारा आणि नोकरीसाठी गाव न सोडलेला हा एवढाच माणूस होता. आज तो नाही म्हणाला असता, तर कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मी नऊ वर्षं शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ऑर्डर बघतेय. शाळांकडून मुलांची मापं येतात ती कशी? वहीच्या पानाचा फोटो. कधी नुसता निरोप, 'गेल्या वर्षीचीच मापं धरा, एकेक साइज वाढवा.' त्यावरून मी यादी करायची, यादीवरून कटिंग मास्तरांनी कापड कापायचं, आणि जूनमध्ये निम्म्या पोरांच्या पँटी घोट्याच्या वर. माझं म्हणणं असं, की वर्गशिक्षकांनी मोबाइलवरच उंची आणि कंबर भरावी, त्यातून साइज निघावी, आणि कारखान्याला कटिंगची यादी आयती मिळावी. मापं जानेवारीपासून यायला लागतात. आम्ही बोलत होतो डिसेंबरात. हा हंगाम गेला की अख्खं वर्ष गेलं.

"म्हणजे अॅप अजून बनवलेलंच नाही," तो म्हणाला.

"काही नाही. अकरा शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोललेय. सात जण म्हणाले, वापरून बघू. पैसे देऊ असं कुणीच म्हणालं नाही. मी विचारलंही नाही."

"का नाही विचारलं?"

"घाबरले की."

तो हसला नाही. आत त्याची आई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि चहा आला. मी कागद काढला. त्यावर मी भागीदारीची वाटणी लिहिली होती. आधी लिहिलं होतं नव्वद-दहा. कल्पना माझी, ओळखी माझ्या, नऊ वर्षं माझी, हा काय नुसता कोड लिहिणार! ते वाचून माझा भाऊ म्हणाला होता, "मग त्याला भागीदार कशाला म्हणतेस? पगारी ठेव की. आणि पगार कुठनं देणारेस?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खोडलं आणि साठ-चाळीस केलं.

"साठ कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

"नऊ वर्षं घातलीयत मी ह्यात."

"त्या नऊ वर्षांचा पगार मिळाला ना ताई? पुढची चार-पाच वर्षं बिनपगारी काढायचीयत. ती तुमची आणि माझी सारखीच."

कानशिलं तापली माझी. पण उलटून काय बोलणार, खरंच होतं. मग मी दुसरी ओळ दाखवली. कुणाचाही वाटा पहिल्या दिवशी हातात येणार नाही. चार वर्षांत थोडा थोडा पक्का होत जाईल. आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जो सोडून जाईल, त्याला शून्य.

"हे फक्त मला?"

"मलाही."

त्यावर मात्र त्यानं पहिल्यांदा मान हलवली. "हे बरोबर लिहिलंय. आकडा आज नको. एकमेकांचं काम बघितल्याशिवाय टक्के ठरवायचे म्हणजे अंदाजपंचे. आता सांगा, आज माझ्याकडून नेमकं काय पाहिजे?"

एकच गोष्ट मागायची, हे मी आरशासमोर घोकून आले होते. नोकरी सोड म्हणायचं नाही, पैसे घाल म्हणायचं नाही. मी म्हटलं, "एक शनिवार. माझ्याबरोबर बसा, आमच्या याद्या बघा आणि हे होण्यासारखं आहे का नाही ते तोंडावर सांगा. कोड एक ओळसुद्धा नको."

"ते बरंय. तसाही मला कंपनीला विचारल्याशिवाय बाहेरचं काही लिहिता येत नाही, करारात आहे. लिहिलं तर त्यावर त्यांचाच हक्क लागायचा. पण बघायला काय हरकत? दाखवा, गेल्या हंगामाची एखादी यादी दाखवा."

आणि इथं मी अडले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पुठ्ठ्याचे फर्मे असतात, ज्यावर ठेवून कापड आखतात. ते कुणी कुणाला दाखवत नाही. पाहुणा आला तर फर्मे भिंतीकडं तोंड करून ठेवायचे. ह्या रीतीतच मी वाढलेली. पर्समधून दुसरा कागद काढला आणि म्हटलं, "आधी ह्यावर सही करा. बाहेर कुठं बोलणार नाही म्हणून. मग दाखवते."

त्यानं कागद वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला. "काय आहे ते न बघता सही करत नाही मी. आणि मोबाइलवर मापं भरायची, हे तर तुम्ही सांगूनच टाकलंय. लपवायला उरलं काय?"

"विश्वास नाही तर राहू दे!" मी उठलेच. चपला घातल्या आणि निम्मा जिना उतरले. डोकं नुसतं फिरलं होतं. स्वतःला समजतो कोण हा? पाचव्या-सहाव्या पायरीवर पाय थांबले. विश्वास कुणाचा कुणावर नव्हता, हे काय मला कळत नव्हतं? मी परत वर गेले. तो तसाच बसला होता.

"घ्या. बघा." मी पिशवीतनं लॅपटॉप काढला आणि गेल्या हंगामाची यादी उघडून त्याच्यासमोर ठेवली. मुलांची नावं मी आदल्या दिवशीच काढून टाकली होती, नुसती मापं ठेवली होती. यादी कारखान्याची आहे, पुढं वापरायची तर मालकांची परवानगी लागेल, हेही सांगितलं.

त्याचा चेहराच बदलला. खुर्ची पुढं ओढून घेतली. हे काय, ते काय, साइज कमरेवरून की उंचीवरून, दोन्ही जुळत नसतील तर काय करता? मी सांगत गेले. असं कुणी मला नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. माझा आवाज चढला, हात हलायला लागले. आता हा येतोय आपल्यात, असं मला वाटलं आणि लई बरं वाटलं.

"यादी एका हंगामात किती वेळा बदलते?" त्यानं विचारलं. "ते कळलं पाहिजे. सगळं त्यावरच अवलंबून राहील."

"बदलते की. दोन-तीनदा."

"थांबा, इथंच दिसेल." त्यानं कुठंतरी दाबलं आणि बाजूला एक पट्टी उघडली. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला आकडा बदलला, सगळं. असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. आईशप्पथ माहीत नव्हतं.

तो बघत राहिला. मग हळू म्हणाला, "ताई, माल शाळेत कधी गेला?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात."

"त्यातला काही परत आला?"

"सातवीच्या पँटी. आठवड्याभरात."

"सातवीचे सगळे आकडे एकेका साइजनं वाढवलेत. माल परत आल्यावर. म्हणजे कापताना यादी जुनीच होती."

 खोटं तयार होतं माझ्याजवळ, नाही असं नाही. संगणकाचा घोळ म्हणता आलं असतं. पण हा माणूस संगणक ओळखत होता.

"व्हय," मी म्हटलं. "चूक माझी. शाळेनं एक साइज वाढवा सांगितलं होतं, मी वाढवायची विसरले. एकशे चाळीस पँटी परत आल्या. मालक सगळ्यांसमोर ओरडत होते. मी म्हटलं, मी वाढवूनच दिलं होतं, मास्तरांनी जुन्या मापानं कापलं. घरी येऊन यादी सुधारली."

"मग मास्तर?"

"कटिंग मास्तर. सव्वीस वर्षं होते. हंगाम संपल्यावर मालकांनी घरी पाठवलं. आता टेंभुर्णीला मुलाच्या टेलरिंगच्या दुकानात बसतात."

सांगताना मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला. रडायचा हक्क मला कुठं होता?

त्यानं त्या पट्टीवरची तारीख पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाला, "मी हे उघडलं नसतं तर सांगितलं असतंत?"

"नसतं."

"बरं." त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "एक शनिवार देतो. पण मास्तर पाहिजेत बसायला. यादी हातात आल्यावर माणूस नेमकं काय करतो ते तुम्हाला माहीत नाही, मला तर नाहीच. ते येणार नसतील तर मला यायचं नाही. आणि त्यांना तुम्हीच बोलवायचं."

"त्यांना काय तोंडानं बोलवू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मी तिथंच, त्याच्या समोर, स्पीकरवर फोन लावला. बाहेर जाऊन लावला असता तर लावलाच नसता.

"बोला की म्याडम," मास्तर म्हणाले. मागं मशिनीचा आवाज होता.

मी एका दमात सांगितलं. चूक माझी होती, नाव तुमचं घेतलं, शनिवारी या. कुठंतरी मध्ये माफीही मागितली. मशीन थांबली.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "तुमी दिलेली यादी हाय अजून माज्याकडं. जुन्या मापाची. तुमचीच सही हाय तिच्यावर."

"मग तेव्हा दाखवली का नाही मास्तर?"

"कुणी इचारलंच न्हाय. मालकानं तुमाला इचारलं, मला न्हाय इचारलं." ते जरा थांबले. "येतो म्या शनिवारी. काम बघायला काय, येतो. पर आदी मालकास्नी सांगा. ते सांगितल्याबिगर माजा पाय त्या गावात पडायचा न्हाय."

फोन ठेवला. समोरच्यानं सगळं ऐकलं होतं. कागदावरची साठ-चाळीसची ओळ त्यानं आडवी रेघ मारून खोडली आणि कागद मला परत दिला. मालकांना सांगितलं तर माझी नोकरी जाऊ शकत होती. आणि पगार थांबला तर अॅप कसलं न् भागीदारी कसली, घरचं भाडं कुठनं देणार? रविवारभर मी हेच मनात घोळवत बसले. आईनं विचारलं, काय झालंय तुला, तर तिच्यावर खेकसले.

सोमवारी दहाला मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते बसा म्हणाले. मी बसले नाही.

"गेल्या जूनमध्ये परत आल्या त्या पँटी मास्तरांनी बरोबर कापल्या होत्या. यादी माझी चुकली होती," मी म्हटलं.