मंजूर रजेचे आभार

आईच्या ऑपरेशनसाठी मागितलेली रजा साहेबांनी मंजूर केली, त्याच दिवशी पहाटे आईनं गावी, कन्नडच्या घरी प्राण सोडला होता. मी वाळूजच्या कारखान्यात खरेदी विभागात होते. बाकी कामांचं टिपण पाठवल्याशिवाय कुणी रजेवर जायचं नाही, ही आमच्याकडची दळभद्री पद्धत. म्हणून शहरातल्या माझ्या गारखेड्याच्या घरात, पायात चपला घालूनच मी मेल लिहिला. 'सर, रजा मंजूर केल्याबद्दल आभार. नाकारलेला माल पुरवठादाराकडं परत पाठवायचाय, चलान तयार आहे. बेअरिंगच्या ऑर्डरवर तुमची सही राहिलीय.' आई गेल्याचं मुद्दाम लिहिलं नाही. रजेचं कारण बदललं की अर्ज नव्यानं, मंजुरी नव्यानं. तिकडं सरण कुणासाठी थांबणार? कन्नडच्या बसमध्ये साहेबांचं उत्तर आलं: 'टिपण उत्तम. आईची काळजी घ्या.'